नवा प्रोसेसर बसवला आणि डिस्प्ले गेला: पारोळ्याच्या स्टुडिओतल्या एका पीसीचं प्रकरण

मशीन एका फोटो स्टुडिओचं. पारोळ्यातला हा स्टुडिओ लग्नाच्या शूटिंगचं काम करतो आणि आखाजीच्या आसपास त्याच्याकडे एडिटिंगचा ढीग साचतो. २०१९ साली घेतलेला डेस्कटॉप होता: बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, रायझन ५ २६०० प्रोसेसर, ८-८ जीबीच्या दोन रॅम आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. व्हिडिओ एक्सपोर्टला लागणारा वेळ कमी व्हावा म्हणून स्टुडिओवाल्या अण्णांनी रायझन ५ ५६०० ऑनलाइन मागवला. दोन्ही प्रोसेसर एकाच एएम४ सॉकेटचे आणि दोघांची वीजमर्यादाही सारखीच, ६५ वॉट. त्यामुळे एक काढायचा, दुसरा बसवायचा, एवढंच काम आहे असं अण्णा आणि त्यांचा भाचा दोघांनाही वाटलं.

बसवल्यावर बटण दाबलं तर सगळे पंखे फिरले, ग्राफिक्स कार्डाचाही फिरला, बोर्डावरचा दिवा लागला. मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'. अण्णांचा फोन आला तो असा: "भाऊ, पंखा त फिरी ऱ्हायना, पन पडदावर काहीच दखात नही. नवा पार्ट मरेल निंघना." पार्सल परत पाठवायची मुदत संपत आली होती, म्हणून ते प्रोसेसर पुन्हा डब्यात भरायच्या तयारीत होते. मी त्यांना एवढंच सांगितलं की आज काही परत करू नका आणि जुना प्रोसेसर कुणाला देऊ नका. मशीन आहे तसं अमळनेरला घेऊन या.

ही तक्रार माझ्या बाकावर वारंवार येते, आणि दर वेळी सुरुवात नवा प्रोसेसर खराब आहे या समजुतीने होते. कारखान्यातून खराब निघालेला प्रोसेसर मात्र फार क्वचित सापडतो. त्याच्याआधी तपासायच्या गोष्टी बऱ्याच असतात, आणि बी४५० बोर्डावर ५६०० बसवलेला असेल तर माझा पहिला संशय बायोसवर, म्हणजे मदरबोर्डाच्या फर्मवेअरवर जातो.

पडदा एवढा काळा का राहतो

बहुतेकांचा प्रश्न असा असतो: बायोस जुनं असेल तर निदान बायोसचा निळा-काळा पडदा तरी दिसायला हवा ना? तिथे जाऊन अपडेट मारला असता. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर कळलं की पुढचं सगळं प्रकरण उलगडतं.

रायझनमध्ये बटण दाबल्यावर सगळ्यात आधी मुख्य कोअर जागे होत नाहीत. प्रोसेसरच्या आतच एक छोटा वेगळा सुरक्षा-प्रोसेसर असतो, तो आधी चालू होतो. तो बोर्डावरच्या आठ पायांच्या फ्लॅश चिपमधून स्वतःसाठी असलेलं फर्मवेअर शोधतो, ते खरं आहे का हे पडताळतो आणि त्याच्या मदतीने रॅमची जुळणी करतो. त्यानंतर मुख्य कोअर मोकळे होतात. मग कीबोर्ड, ग्राफिक्स कार्ड वगैरेंची ओळख पटते आणि आपल्याला कंपनीचा लोगो दिसतो. आता चिपमधलं बायोस २०१९ चं आहे आणि ५६०० बाजारात आला एप्रिल २०२२ मध्ये. त्या चिपमध्ये या प्रोसेसरसाठी लिहिलेलं काहीच नाही. सुरक्षा-प्रोसेसर शोधतो, त्याला काही सापडत नाही आणि काम तिथेच थांबतं. रॅमपर्यंतसुद्धा गाडी पोचत नाही, मग ग्राफिक्स कार्डाचं नावच नको. पंखे फिरतात कारण त्यांना प्रोसेसर लागत नाही. वीज आली की बोर्डावरची पंख्याची चिप त्यांना फिरवू लागते.

म्हणूनच नव्या प्रोसेसरवर बसून बायोसच्या मेनूत जाण्याचा मार्गच उरत नाही. मेनू ही फार पुढची पायरी आहे.

एएमडीच्या बाजूने या प्रोसेसरांचा आधार ज्या मूळ कोडमध्ये येतो त्याला AGESA म्हणतात. बोर्ड बनवणारी कंपनी तो कोड घेऊन आपलं बायोस तयार करते. त्यामुळे सॉकेट तेच असलं तरी आधार आपोआप मिळत नाही. इथे एक जुनी गोष्ट आठवते. मे २०२० मध्ये एएमडीने आधी जाहीर केलं होतं की पुढच्या पिढीचे, म्हणजे ५००० मालिकेचे प्रोसेसर फक्त ५०० मालिकेच्या चिपसेटवर चालतील. त्यावर ग्राहकांनी मोठी ओरड केली आणि त्याच महिन्यात कंपनीने बी४५० आणि एक्स४७० ला आधार द्यायचं कबूल केलं. अडचण जागेची होती. बऱ्याच जुन्या बोर्डांवर फ्लॅश चिप १६ एमबीची असते आणि तेवढ्यात सगळ्या पिढ्यांचं फर्मवेअर मावत नाही. म्हणून अनेक बोर्डांच्या नव्या बायोसमधून काही फार जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकला गेला. ही गोष्ट अपडेट करण्याआधी वाचायची असते, नंतर नाही.

बाकावरची तपासणी

मशीन आल्यावर लगेच बायोसला दोष दिला नाही, कारण हेच लक्षण इतर चार कारणांनीही दिसतं.

आधी केबल पाहिली. २६०० काय, ५६०० काय, दोन्हींमध्ये ग्राफिक्स नाही. मॉनिटरची केबल बोर्डाच्या एचडीएमआयला लावली तर सगळं ठीक असतानाही पडदा काळाच राहतो. भाच्याला कुणीतरी तोच सल्ला दिला होता आणि केबल बोर्डालाच होती. ती ग्राफिक्स कार्डाला लावली. फरक पडला नाही, पण एक शंका मिटली.

मग प्रोसेसरजवळची आठ पिनांची वीजकेबल. कूलर काढताना ती सैल होते किंवा कुणी काढून परत लावायला विसरतो, आणि तेव्हाही पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही. ती नीट बसलेली होती. त्यानंतर एकच रॅम ठेवली, ती मॅन्युअलमध्ये एकट्या रॅमसाठी सांगितलेल्या स्लॉटमध्ये. बोर्डावरचा सेल काढून काही मिनिटं ठेवला, म्हणजे बायोसची जुनी सेटिंग पुसली गेली. तरीही काळंच.

सगळ्यात जास्त वेळ मी पिनांना दिला. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, १३३१ पिना, आणि त्या केसांसारख्या बारीक. जुना प्रोसेसर काढताना काय झालं हे भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "दादा, कूलर ओढला तर प्रोसेसर त्याच्यासकट बाहेर आला." हे एएम४ वर नेहमी घडतं, कारण वाळलेली पेस्ट प्रोसेसरला कूलरच्या बुडाशी चिकटवून ठेवते. कूलर काढण्याआधी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम करावी, मग बंद करून, प्लग काढून, कूलर सरळ वर न ओढता आधी डावी-उजवीकडे हलकेच फिरवावा. दोन्ही प्रोसेसर मी उजेडात तिरपे धरून चारी बाजूंनी पाहिले. पिनांच्या ओळी सरळ होत्या. जुन्याच्या कोपऱ्यातली एक पिन किंचित कललेली होती, ती पातळ पत्तीने सरळ केली.

आता खरी परीक्षा: जुना २६०० परत बसवला, नवी पेस्ट लावली, बटण दाबलं. थोड्या वेळात लोगो आला.

या एका चाचणीने बरंच सिद्ध झालं. पॉवर सप्लाय, रॅम, ग्राफिक्स कार्ड, केबल, सॉकेट सगळं चांगलं आहे. उरल्या दोनच शक्यता, एकतर नवा प्रोसेसर खरोखर खराब आहे किंवा बायोस त्याला ओळखत नाही. विंडोज चालू झालं तेव्हा पॉवरशेलमध्ये बोर्डाचं नाव आणि बायोसची आवृत्ती काढली:

```
Get-CimInstance Win32_BaseBoard | Select Product, Version
Get-CimInstance Win32_BIOS | Select SMBIOSBIOSVersion, ReleaseDate
```

बायोस २०१९ चंच होतं. मशीन घेतल्यापासून कुणी हात लावलेला नव्हता. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर प्रत्येक मॉडेलच्या पानावर प्रोसेसरांची यादी असते आणि प्रत्येक प्रोसेसरसमोर कोणत्या आवृत्तीपासून तो चालतो ते लिहिलेलं असतं. आमच्या बोर्डाच्या यादीत ५६०० होता, त्याच्यासमोरची आवृत्ती २०२२ ची. प्रश्न तिथेच सुटला. प्रोसेसर परत पाठवला असता तर बदलून आलेलाही असाच वागला असता आणि अण्णांची लग्नसराई त्या पार्सलांच्या येरझाऱ्यांत गेली असती.

प्रोसेसर विकणाऱ्याने ग्राहकाला बोर्डाचं मॉडेल विचारायला हवं, असं माझं ठाम मत आहे. 'एएम४ आहे ना, मग चालेल' हे उत्तर अर्धवट आहे.

अपडेट मारताना

बायोस अपडेट हे पाच-सात मिनिटांचं काम आहे, पण मध्येच वीज गेली तर फ्लॅश चिप अर्धवट लिहिली जाते आणि मग कुठलाच प्रोसेसर चालत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. दुकानात इन्व्हर्टर असतो म्हणून लोक निर्धास्त असतात, पण साधा इन्व्हर्टर वीज गेल्यावर बदल करायला एवढा वेळ घेतो की डेस्कटॉप तेवढ्यात रिस्टार्ट होऊ शकतो. इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असेल तर तो त्या मोडवर हवा, नाहीतर वेगळा यूपीएस घ्यावा. मी अपडेटच्या आधी मशीन बायोसच्या पडद्यावर ठेवून यूपीएसचा भिंतीतला प्लग काढून पाहतो. मशीन तसंच चालू राहिलं आणि बॅटरीने दहा मिनिटं तग धरला तरच पुढे जातो. बॅटरी मेलेला यूपीएस टेबलाखाली हिरवा दिवा लावून बसलेला अनेक ठिकाणी पाहिला आहे.

बोर्डाच्या एका कोपऱ्यात मॉडेलच्या नावाबरोबर रिव्हिजनही छापलेली असते. नाव तेच पण रिव्हिजन वेगळी असेल तर बायोसची फाइलही वेगळी असू शकते, म्हणून टॉर्च लावून ती वाचली. मग डाउनलोडच्या पानावर प्रत्येक आवृत्तीखालच्या ओळी वाचल्या. आमच्या बोर्डाला एक मधली पायरी होती. २०१९ च्या आवृत्तीवरून थेट नव्यावर जायचं नाही, आधी सांगितलेल्या एका आवृत्तीवर जायचं, मशीन रिस्टार्ट करायचं आणि मग शेवटच्या आवृत्तीवर यायचं. हे प्रत्येक बोर्डाला लागत नाही. पण लागत असेल तर ते त्याच पानावर लिहिलेलं असतं, आणि लोक थेट सगळ्यात वरची फाइल उतरवतात. काही आवृत्त्यांवरून मागे येता येत नाही, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केला आणि झिप उघडून आतली बायोसची फाइल सरळ त्यात ठेवली, फोल्डरमध्ये नाही. बायोसमध्ये जाऊन आधी सगळ्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढले, विशेषतः बूटच्या पानाचे. रॅम वाढीव वेगाने चालवणारं एक्सएमपी बंद केलं आणि सगळं डिफॉल्टवर आणलं, कारण ताणलेल्या वेगाच्या रॅमवर फ्लॅश लिहिणं मला पटत नाही. मग बायोसमधल्याच फ्लॅश टूलने फाइल निवडली. विंडोजमधून चालणारी टूलं मी वापरत नाही, कारण मागे अँटिव्हायरस, विंडोज अपडेट, काहीही चालू असू शकतं.

पहिला अपडेट झाला, मशीन आपोआप दोनदा बंद-चालू झालं आणि मधे बराच वेळ पडदा काळा राहिला. घाबरून बटण दाबायची वेळ हीच असते आणि हीच ती वेळ जेव्हा बटण दाबायचं नसतं. लोगो आल्यावर आवृत्ती तपासली आणि दुसरा अपडेट मारला. तो झाल्यावर पुन्हा बायोसमध्ये जाऊन आवृत्ती वाचली आणि जुन्याच प्रोसेसरवर एकदा विंडोज उघडायला गेलो. इथे अडलं. बूट होणारी डिस्क नाही असा संदेश आला.

अण्णांचा चेहरा उतरला, पण कारण साधं होतं. त्यांचं विंडोज २०१९ मध्ये जुन्या पद्धतीने, एमबीआर डिस्कवर टाकलेलं होतं आणि त्यासाठी बायोसमध्ये जुन्या पद्धतीने बूट करू देणारं सीएसएम चालू लागतं. नव्या बायोसने डिफॉल्टमध्ये ते बंद ठेवलं होतं. आधी काढलेला फोटो बघून ते चालू केलं आणि विंडोज आलं. डाटा कुठेच गेलेला नव्हता.

त्यानंतर मशीन बंद केलं, प्लग काढला आणि ५६०० बसवला. चालू केल्यावर पडदा लगेच आला नाही. नव्या प्रोसेसरबरोबर रॅमची जुळणी पहिल्यांदा होते तेव्हा मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ लागतो आणि मशीन मधे स्वतः रिस्टार्टही होतं. मग हा संदेश आला:

```
New CPU installed, fTPM/PSP NV corrupted or fTPM/PSP NV structure changed.
```

खाली Y किंवा N दाबायला सांगितलेलं असतं. 'corrupted' वाचून काहीतरी बिघडलं असं वाटतं, पण प्रोसेसर बदलला की हा संदेश येणं साहजिक आहे. प्रोसेसरच्या आत सांभाळलेल्या सुरक्षा-चाव्या जुन्या प्रोसेसरच्या होत्या, त्या नव्यावर लागू होत नाहीत. धोका फक्त एकाच ठिकाणी आहे: डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू असेल आणि त्याची रिकव्हरी की जवळ नसेल तर Y दाबल्यावर विंडोज ती की मागतं आणि डाटा अडकतो. म्हणून हे जुन्या प्रोसेसरवर असतानाच, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये तपासून ठेवलं होतं:

```
manage-bde -status C:
```

अण्णांच्या डिस्कवर बिटलॉकर नव्हतं. असतं तर रिकव्हरी की कागदावर लिहून घेतली असती आणि बदल होईपर्यंत संरक्षण थांबवलं असतं:

```
manage-bde -protectors -disable C: -RebootCount 0
```

सगळं झाल्यावर त्याच आदेशात `-disable` च्या जागी `-enable` लिहून आणि शेवटचं `-RebootCount 0` काढून ते परत चालू करायचं असतं. आम्ही Y दाबलं, विंडोज उघडलं आणि टास्क मॅनेजरमध्ये रायझन ५ ५६०० असं नाव आलं. बायोसमध्ये एक्सएमपी पुन्हा चालू केलं. हे राहून गेलं की रॅम आपल्या पूर्ण वेगाने चालत नाही आणि ग्राहकाला वाटतं की नवा प्रोसेसर काही फार वेगवान नाही.

जुना प्रोसेसर हाताशी नसेल तर

अण्णांचं काम सोपं झालं कारण २६०० त्यांच्याकडेच होता. तो विकून टाकलेला असता तर पर्याय कमी होते. काही बोर्डांच्या मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं बटण असतं. त्यात प्रोसेसर नसला तरी चालतं, फक्त पॉवर सप्लायच्या दोन्ही केबल जोडलेल्या लागतात. फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव द्यायचं, पेन ड्राइव्ह ठरलेल्याच यूएसबी पोर्टमध्ये लावायचा आणि बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकतो, आणि तो थांबेपर्यंत हात लावायचा नाही. दिवा दोन-चार सेकंदांत थांबला किंवा सतत पेटून राहिला तर बहुधा फाइलचं नाव, पोर्ट किंवा फॉरमॅट चुकलेलं असतं.

बटण नसेल तर तासाभरासाठी कुणाचा तरी जुना एएम४ प्रोसेसर आणावा. जळगाव-धुळ्याच्या रिपेअर दुकानांत असा एखादा स्वस्तातला प्रोसेसर याच कामासाठी ठेवलेला सापडतो. फक्त तो बोर्डावरच्या सध्याच्या बायोसच्या यादीत असला पाहिजे. शेवटचा मार्ग म्हणजे प्रोग्रामरची क्लिप थेट फ्लॅश चिपला लावून बायोस लिहिणं. हे घरी करू नये. बऱ्याच एएम४ बोर्डांवरची चिप १.८ व्होल्टची असते आणि स्वस्त प्रोग्रामर ३.३ व्होल्ट देतात. मधे अडॅप्टर लावला नाही तर चिप जळू शकते.

इंटेलवरही हे घडतं. एच६१० किंवा बी६६० चा बोर्ड बाराव्या पिढीच्या काळात बनलेला असेल आणि त्यावर तेरावी-चौदावी पिढी बसवली तर आधी बायोस अपडेट लागू शकतो. पण अपडेटने सगळं सुटतं असं नाही. सहाव्या-सातव्या पिढीच्या १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांत आठव्या पिढीचा प्रोसेसर सॉकेटमध्ये बसतो, तरी कंपनीने त्याला आधारच दिलेला नाही. तिथे यादीत नाव नसतं आणि कुठलीही आवृत्ती टाकून उपयोग होत नाही. अशा वेळी तो प्रोसेसर परत करणंच बरोबर.

स्टुडिओत मशीन परत गेलं तेव्हा मी अण्णांना सांगितलं होतं की २६०० आठ दिवस तसाच ठेवा. तेवढ्या दिवसांत ५६०० वर एक्सपोर्ट व्यवस्थित चालले, मशीन कधी अडकलं नाही. मग भाच्याने २६०० मागितला, त्याच्या एरंडोलच्या मित्राच्या ए३२० बोर्डावर टाकायला. तो बोर्ड २०१७ चा आहे आणि २६०० एप्रिल २०१८ मध्ये आलेला. या वेळी भाच्याने प्रोसेसर काढण्याआधी त्या बोर्डाची बायोस आवृत्ती आणि रिव्हिजनचा फोटो मला पाठवला. आवृत्ती जुनी होती. मित्राचा रायझन ३ १२०० अजून सॉकेटमध्येच आहे, तेव्हा आधी त्याच्यावरच अपडेट मारायचा असं ठरलं आहे.